मदत हवी आहे: 6 बाकी येणारा नंबर एकटाच, तरी त्याला 6 चा कप्पा का मिळाला नाही? (लिनियर प्रोबिंग)

दुसरं_वर्ष

डेटा स्ट्रक्चर्सच्या सबमिशनसाठी एक हॅश टेबल हाताने भरतेय. 0 ते 10 असे 11 कप्पे. नंबरला 11 ने भागायचं, जी बाकी उरेल तो त्याचा कप्पा. तो भरलेला असेल तर पुढचा बघायचा, तोही भरलेला तर त्याच्या पुढचा, 10 नंतर परत 0. नंबर याच क्रमाने आले:

```
k    k % 11   बसला   तपासलेले कप्पे
26     4        4        1
38     5        5        1
15     4        6        3
62     7        7        1
50     6        8        3
70     4        9        6
```

26, 15 आणि 70 या तिघांची बाकी 4, त्यामुळे त्यांच्यात मारामारी होणार हे कळलं. पण 50 ची बाकी 6 आहे आणि 6 बाकी येणारा दुसरा नंबरच नाही. तरी तो दोन घरं पुढे ढकलला गेला. प्रश्नात 'प्रायमरी क्लस्टरिंग दाखवा' असं आहे. हेच का ते? आणि उत्तरात नेमकं काय दाखवायचं?

खटाटोप

टेबलची साइझ प्राइम घ्या, प्रॉब्लेम संपला. आम्हाला हेच शिकवलंय.

दुसरं_वर्ष

11 प्राइमच आहे हो.

रात्रपाळी

प्राइमचा उपयोग आहे, पण दुखणं वेगळं आहे. समजा सगळे नंबर 5 च्या पटीत आले आणि टेबल 10 चं असलं, तर बाकी 0 किंवा 5 एवढीच येणार आणि आठ कप्पे पहिली पसंती म्हणून कोणाच्याच वाट्याला येणार नाहीत. 11 घेतलं की हे टळतं. इथे जे घडलंय ते मात्र बाकी कितीही छान विखुरलेल्या असल्या तरी घडतं. तुमच्या सरांनी नंबर मुद्दाम 4 ते 7 मध्ये बाकी येईल असे निवडलेत, म्हणून ते सहा नंबरांतच दिसलं, एवढंच.

50 ला 6 च्या कप्प्यातून कोणी हुसकावलं ते बघ. 15 ने. आणि 15 तिथे का? कारण त्याच्या घरात 26 आणि शेजारी 38 बसला होता. म्हणजे 4 ची गर्दी 5 वरून 6 मध्ये सांडली, आणि 6 वाल्याला काही कारण नसताना पुढे जावं लागलं. त्यात 62 आपल्या 7 मध्ये सरळ बसला, एका तपासणीत, कोणालाही न दुखावता. पण त्यामुळे 4-5-6 ला 7 जोडला गेला. वेगवेगळ्या बाकीवाले एकाच रांगेत अडकतात, ते प्रायमरी क्लस्टरिंग.

उत्तरात मी पुढच्या नंबराचं काय होईल ते लिहीन. आत्ता 4 ते 9 सलग भरलेत. 10, 0, 1, 2, 3 रिकामे. नवीन नंबराची बाकी 4, 5, 6, 7, 8, 9, 10 यांपैकी काहीही आली तरी तो 10 मध्येच जाऊन बसणार. सर्व बाकी सारख्याच शक्य धरल्या तर 10 भरण्याची शक्यता 11 पैकी 7, आणि 0, 1, 2, 3 यांची प्रत्येकी 11 पैकी फक्त 1. रांग जितकी लांब, तितकी ती वाढण्याची शक्यता जास्त.

खर्चही काढता येतो. टेबलात नसलेला नंबर शोधायचा तर रिकामा कप्पा लागेपर्यंत बघावं लागतं. 4 पासून सुरुवात केली तर 7 कप्पे, 5 पासून 6, असं करत 9 पासून 2. रिकाम्या पाचांपासून प्रत्येकी 1. बेरीज 32, सरासरी 2.9. हेच सहा नंबर सुटेसुटे बसले असते, म्हणजे एक जोडी आणि चार एकटे, तर बेरीज 18 आणि सरासरी 1.6. भरलेले कप्पे तेवढेच, फरक फक्त ते कसे बसलेत त्याचा.

डोनाल्ड क्नूथने 1963 मध्ये याचं गणित मांडलं. मोठं टेबल निम्मं भरलं असताना नसलेला नंबर शोधायला सरासरी 2.5 तपासण्या लागतात, 90 टक्के भरल्यावर 50.5.

खटाटोप

मग एकेक कप्पा पुढे जाण्याऐवजी तीन-तीनने उड्या मारा. रांगच लागणार नाही. हेच नंबर करून बघितले: 4, 5, 7, 10, 6, 2 मध्ये बसतात आणि एकूण तपासण्या 15 ऐवजी 11.

रात्रपाळी

या सहा नंबरांना फायदा झाला, खरं आहे. पण रांग लागलीच आहे, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. तुमच्या उडीच्या क्रमाने कप्पे मोजा: 4, 7, 10, 2, 5, 8... पहिले पाचही भरलेत. म्हणजे तीनच्या चालीत ते शेजारीच. आता बाकी 10 येणारा 21 टाका: 10, 2, 5 भरलेले, 8 मध्ये बसतो. ठरलेल्या आकड्याने उडी मारणं म्हणजे कप्प्यांवरचे क्रमांक बदलून तोच खेळ खेळणं. उडी प्रत्येक नंबरासाठी वेगळी काढली, दुसऱ्या हॅशने, तरच रांग खरी मोडते.

चिंचोके

माझा पण हाच इश्यू आहे. डिलीट केल्यावर असलेला नंबर सापडत नाही. फंक्शन बरोबर आहे, तीनदा तपासलं.

रात्रपाळी

हा इश्यू वेगळा आहे, पण याच टेबलात दाखवता येईल. 38 काढून 5 चा कप्पा रिकामा केला, मग 15 शोधला: 4 मध्ये 26, पुढे 5 रिकामा, म्हणून कोड म्हणतो 'नाही'. 15 तर 6 मध्ये बसलाय. एक तर 5 मध्ये 'इथे कोणीतरी होतं' अशी खूण ठेवायची, पण मग रांग काही आखूड होत नाही. नाहीतर पुढच्या कप्प्यांतल्यांना मागे आणायचं: 15 येईल 5 मध्ये. 62 हलवायचा नाही, तो स्वतःच्या घरात आहे. 50 येईल 6 मध्ये, 70 येईल 8 मध्ये.

चिंचोके

माझ्या कोडमध्ये मी सगळ्यांनाच एकेक कप्पा मागे आणत होतो. 62 सुद्धा.

दुसरं_वर्ष

शक्यता 11 पैकी 7 वालं कळलं, तेच लिहिते. एक गंमत बघितली. नंबर उलट्या क्रमाने टाकले, 70 पासून 26 पर्यंत. तपासण्या 1, 1, 1, 2, 4, 6. बेरीज परत 15! आणि भरलेले कप्पे तेच, 4 ते 9. योगायोग आहे का?

रात्रपाळी

नाही, नेहमीच असं होतं. एका कप्प्यावर दोघं आले की एक तिथे राहतो आणि दुसरा पुढे जातो. कोण राहिला याने एकूण चाल बदलत नाही, फक्त ती कोणाच्या नावावर पडते ते बदलतं. घरापासून जास्त लांब आलेल्याला जागा द्यायची असा नियम केला तर तुझं टेबल असं होतं:

```
कप्पा       4   5   6   7   8   9
नंबर       26  15  70  38  50  62
तपासण्या    1   2   3   3   3   3
```

बेरीज 15 च, पण 70 ला लागणाऱ्या 6 तपासण्या 3 वर आल्या. याला रॉबिन हूड हॅशिंग म्हणतात.

खटाटोप

आणि 62 बिचारा आधी एका तपासणीत मिळत होता, आता तीन. समजा 62 च रोज हजार वेळा शोधला जात असेल तर?

रात्रपाळी

तर तुमच्यासाठी आधीचंच टेबल बरं. माझा अनुभव उलटा आहे, मला सगळ्यात वाईट शोधच अडवतो.