जुनं गिऱ्हाईक पुन्हा उधार मागतंय, नाही कसं म्हणायचं?

पलूसकर किराणा
वडिलांपासूनचं दुकान आहे. त्यांच्या वेळचं एक गिऱ्हाईक, शेतकरी, माणूस सरळ. बाकी १८,४०० आहे, तीही दिवाळीला दोन हजार देऊन उरलेली. आता गौरी-गणपतीचं साडेचार हजारांचं सामान मागतायत. म्हणतात, "ऊस गेला की सगळं एकदम देतो." आता आणखी उधार द्यायचं नाही हे माझं ठरलंय. पण आण्णांना तोंडावर नाही कसं म्हणू? संबंध तुटायला नकोत.

मिरजेचा जुना व्यापारी
आधी दोन हिशेब वेगळे करा. जुनी बाकी तिथंच थांबवायची आणि आजपासून माल रोखीनं. "तुम्हाला उधार नाही" असं म्हणू नका. "आण्णा, मागचं मिटेपर्यंत वहीत नवं काही चढवत नाही, सगळ्यांनाच सांगितलंय" म्हणा. आणि सगळ्यांनाच सांगा बरं का. शेजारच्याला दिलं आणि यांना नाही, हे गावात संध्याकाळपर्यंत कळतं.

गल्ल्यावर चार माणसांत बोलू नका. दुकान बंद करायच्या वेळी किंवा त्यांच्या घरी जाऊन सांगा. पोराकडून निरोप तर अजिबात नको. "पुढच्या आठवड्यात बघू" हे सगळ्यात वाईट, माणूस आशेवर दोन फेऱ्या मारतो आणि मग राग दुप्पट होतो.

किराण्यात सरासरी आठ टक्के सुटत असतील, तर १८,४०० भरून काढायला २ लाख ३० हजारांचा माल विकावा लागेल. हे आण्णांना ऐकवू नका, स्वतःला सांगा.

वाळव्याचा ऊसवाला
हे शहरातलं शहाणपण झालं. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदाच येतो, हे दुकानदाराला माहीत नाही का? कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं लागतं. मग आण्णांचे पैसे कुठं पळून जातायत? सणाच्या तोंडावर नाही म्हणाल तर पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं.

मिरजेचा जुना व्यापारी
१४ दिवसांचा नियम आहे, बरोबर. पण ते दिवस ऊस गेल्यावर सुरू होतात. गणपतीत ऊस रानात उभा आहे. कारखाना दिवाळीच्या आगेमागे पेटणार, त्यानंतर यांची तोड कधी? लागण आहे की खोडवा, ते विचारा. खोडवा फेब्रुवारीत धरला असेल तर जानेवारी-फेब्रुवारीशिवाय कोयता लागत नाही. वर बिल बँकेत जातं, सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं. हातात काय उरतं ते आण्णांनाही आधी सांगता येत नाही. ते खोटं बोलत नाहीत, पण "एकदम देतो" हे जमणार नाही.

गॅरेजवाला इस्लामपूर
मी सरळ "आज रोख, उद्या उधार" पाटी लावली आणि क्यूआर कोड चिकटवला. कटकट संपली. तुम्ही पण ऑनलाइन पेमेंट चालू करा.

तासगावची दुकानवाली
दादा, त्यांच्याकडे पैसेच नाहीत, क्यूआर काय करणार?

माझं मत थोडं वेगळं. मी अशा घराला पूर्ण नाही म्हणत नाही, यादी कापते. साडेचार हजारांच्या यादीत रवा, गूळ, तेल, पूजेचं सामान एवढंच ठेवलं की बाराशे-पंधराशेत सण होतो. तेवढं रोखीनं घ्यायला सांगते आणि ती यादी घरातल्या बाईशी बोलून करते. आण्णांना उधार मागायची वेळ आणखी कमी येते.

बाकी आणखी एक बघा. ते रोखीची खरेदी दुसऱ्या दुकानात आणि उधारीची तुमच्याकडे करत नाहीत ना? तसं असेल तर नातं आधीच पातळ झालंय.

कोर्टात फिरलेला माणूस
वहीत लिहिलंय म्हणजे पुरावा झाला, आताच नोटीस काढा.

मिरजेचा जुना व्यापारी
नुसती वही कोर्टात पुरत नाही. साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती उलटण्याआधी बाकी कबूल केल्याची सही असेल तर पुढं नव्यानं धरता येते. नोटीस कशाला? त्यांच्याच छोट्या वहीत त्यांच्या हातानं "बाकी १८,४००" आणि तारीख लिहून सही घ्या, तसंच तुमच्या वहीत. मग हप्ता ठरवा, महिन्याला पाचशे का होईना.

वाळव्याचा ऊसवाला
सही मागितली की संबंध संपला. वडिलांनी कधी घेतली होती का सही?

पलूसकर किराणा
विचारलं. खोडवाच आहे, फेब्रुवारीत धरलेला, सोसायटीही थकलेली. उद्या संध्याकाळी घरी जातो, तासगावच्या ताईंसारखी यादी कापून. सहीचं अजून मनाला पटत नाही. आण्णांनी स्वतः हप्ता सांगितला तर तोच वहीत लिहीन. पण ते "उसाचंच बघू" म्हणाले तर पुढं काय बोलू?