टॉलरेबल एररला ‘क्षम्य चूक’ म्हणावं का?

नौपाडा, ठाणे (सीए आर्टिकल): ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी विक्री बिलांच्या तपासणीवर मराठीत टिपण लिहितेय. टॉलरेबल एररला ‘क्षम्य चूक’ आणि रँडमला ‘यादृच्छिक’ लिहिलं, चालेल? माझ्याकडे १२ कोटींची ४,८०० बिलं आहेत. फायली चाळत हाताला येतील तशी ६० काढली. ही रँडमच ना?

कळवा (निवृत्त मराठी शिक्षक): यदृच्छा म्हणजे योगायोग, आपोआप घडणं. हाताला आलं ते घेतलं, म्हणजे यादृच्छिकच. शब्द चपखल आहे.

तुर्भे (हिशेबनीस): आमचे ऑडिटर दरवर्षी फक्त मार्चची बिलं मागतात. वर्षभराची जपून ठेवायची तरी कशाला?

वाशी (सीए): सर, व्युत्पत्ती बरोबर, पण हात योगायोगाने चालत नाही. तो जाडजूड फाईल टाळतो, वरचं पान घेतो. अशी निवड नॉन-स्टॅटिस्टिकल नमुन्यात एसए ५३० या ऑडिटच्या मानकाला चालते, रँडम मात्र ती नव्हे. आणि नमुना मोठा केला म्हणून तो स्टॅटिस्टिकल होत नाही. त्यासाठी निवड रँडम हवी, शिवाय निकालाचा अर्थही संभाव्यतेच्या गणिताने लावायला हवा.

‘क्षम्य’ तर नकोच. सापडलेली चूक आपण माफ करत नाही, ती दुरुस्त करायलाच सांगतो. टॉलरेबल एरर ही सगळ्या विक्रीतल्या एकूण चुकीची मर्यादा असते.

तुमचंच उदाहरण घ्या. मर्यादा ३० लाख, खात्री ९५ टक्के आणि एकही चूक अपेक्षित नाही असं धरलं, तर गुणक ३. १२ कोटी गुणिले ३, भागिले ३० लाख, म्हणजे १२० नमुने. १२ कोटींना १२० ने भागलं की अंतर १० लाख. १ रुपया ते १० लाख रुपये यांमधला एक रँडम आकडा घ्या, समजा ३,७२,४१८. बिलांच्या रकमा एकीत एक मिळवत जा. तेवढावा रुपया ज्या बिलात पडेल ते बिल घ्या, मग दर १० लाखांनी पुढचं. १० लाख किंवा त्याहून मोठं बिल यातून सुटूच शकत नाही.

आता ५०,०००च्या बिलावर माल ४०,०००चाच गेलाय असं निघालं. चूक २० टक्के, म्हणून त्या १० लाखांच्या टप्प्यात २ लाख धरायचे. नुसते १०,००० लिहून पुढे जायचं नाही. एकही चूक सापडली नसती तरी एकूण चुकीचा वरचा अंदाज ३० लाख होता, आता तो आपल्या मर्यादेपलीकडे गेला. म्हणून थोड्या चुका अपेक्षित असतील तर नमुना आधीच वाढवून घ्यावा लागतो.

तुर्भेकर, बिलं जपाच. मार्चवरून वर्षाच्या शेवटी विक्री अलीकडे-पलीकडे ढकलली का तेवढं कळतं, बाकीच्या ११ महिन्यांचं काही कळत नाही.

नौपाडा: मग ‘सह्य मर्यादा’ लिहिते. माझ्या ६० बिलांना काय म्हणू?

कळवा: ‘हाताला येईल तशी’ असंच लिहा. ‘सह्य’ मात्र मला अजून खटकतो, दुखणं सोसल्यासारखा वाटतो. ‘ग्राह्य’ कसा?

वाशी: ‘ग्राह्य चूक’ म्हणजे ती चूक हिशेबात धरली, असाही अर्थ होईल की.