टार्गेट आधीच मोजून ठेवायचं की पळेल तितकं पळू द्यायचं?

सायली_ठाणे: एक शेअर दोन महिने 400 ते 440 मध्ये अडकला होता. 440 तोडून 452 ला बंद झाला, तेव्हा 100 घेतले. रोजचा एटीआर 12, स्टॉपलॉस 434. आता भाव 470 आहे. 480 ला विकू की पळू देऊ? ग्रुपवर सगळे 'पळणारा घोडा विकू नका' म्हणतायत.

नाना_डोंबिवली: 480 बरोबर आहे. पट्ट्याची उंची 40, ती 440 वर ठेवली की 480. त्याच 440 पासून तीन एटीआर मोजले तर 476. दोन वेगळ्या मापांनी जवळपास एकच जागा आली, हे मला आवडतं. मात्र ही उंची ब्रेकआऊटच्या पातळीपासून मोजायची. तुमच्या खरेदीपासून मोजून 492 धरलंत तर 12 रुपये फुकटचे जोडले. तुम्ही उशिरा घेतलंत, म्हणून 28 साठी 18 ची जोखीम आहे. शंभरातले 39 सौदे जमले तर कुठे बरोबरी. ऑर्डर 478 ला लावा. हीच फूटपट्टी लावणारे 480 ला रांगेत उभे असतात.

रानवारा_कोल्हापूर: नाना, 1983 मध्ये रिचर्ड डेनिसने जे टर्टल घडवले त्यांना टार्गेट नव्हतंच. दहा किंवा वीस दिवसांचा नीचांक तुटला की बाहेर. वर्षाची कमाई चार-दोन सौद्यांतून येते आणि तुमची फूटपट्टी नेमके तेच कापते. 480 चं टार्गेट म्हणजे 700 ला जाणारा शेअर आपण कधीच धरणार नाही, अशी लेखी हमी.

नाना_डोंबिवली: टर्टल एकाच वेळी कॉफी, चलनं, रोखे असे कितीतरी फ्युचर्स धरायचे. कुठेतरी मोठी चाल लागायचीच. चार शेअर धरणाऱ्याने ती वाट किती बघायची? आणि ट्रेलचा हिशेब करा. उच्चांकाखाली तीन एटीआर म्हणजे 36. शेअर 480 ला टेकून वळला तर तुम्ही 444 ला बाहेर, म्हणजे 28 चा नफा सोडून 8 चा तोटा. तोच 560 ला गेला तर 524 ला सुटाल, 72 मिळतील. या दोनच शक्यता धरल्या, तर 480 गाठणाऱ्या शंभरातले 45 तरी 560 ला जायला हवेत. तेव्हा कुठे ट्रेल आणि टार्गेट सारखे.

रानवारा_कोल्हापूर: दोनच शक्यता कशा धरता? 500 वरून वळला तरी 464 मिळतात, म्हणजे 12 नफा. आणि वरचं टोक 560 ला का बांधलंत? 45 हा आकडा तुमच्या सोयीचा आहे.

नाना_डोंबिवली: सोयीचा आहे, मान्य. पण तुमच्याकडचा आकडा कुठे आहे?

प्रथमेश११: मग सरळ पाच एटीआरचं टार्गेट ठेवा ना. 60 मिळणार, जाणार 18. रिस्क-रिवॉर्ड तिपटीच्या वर.

माधुरी_नाशिक: गुणोत्तर सुधारेल, पण टार्गेट लागण्याचं प्रमाणही त्याच मापात घटेल. भावाला दिशाच नाही असं धरलं, तर 18 चा स्टॉप लागण्याआधी 28 दूरचं टार्गेट शंभरात 39 वेळा लागतं आणि 60 दूरचं 23 वेळा. खर्च सोडून दोन्हींची बेरीज शून्य. गुणक बदलून नफा तयार होत नाही. तो ब्रेकआऊटमध्ये दम असेल तरच येतो. शिवाय एटीआर म्हणजे दिवसभराचा खालीवर पसारा. रोज 12 हलणारा शेअर पाच दिवसांत 60 वर जात नाही, निम्मं चालणं मागे-पुढेच होतं. सायली, जुने सौदे काढा. प्रत्येक सौदा स्टॉप लागेपर्यंत जास्तीत जास्त किती एटीआर वर गेला होता ते लिहा. बरेचसे अडीचच्या आसपास वळत असतील तर तीनचं टार्गेट चार्टवर छान दिसेल, खात्यात येणार नाही.

बँकनिफ्टी_भाऊ: मी पाच मिनिटांच्या चार्टवर कॉल घेतो. तीन एटीआर चाल येते, तरी प्रीमियम तेवढा वाढत नाही. एटीआर चुकीचा दाखवतात का?

माधुरी_नाशिक: भाऊ, तो एटीआर इंडेक्सचा. 90 पॉइंटची चाल आली तर अर्ध्या डेल्टाचा कॉल साधारण 45 वाढतो, त्यातून वेळेची झीज वजा. टार्गेट इंडेक्सवर ठरवा आणि प्रीमियमच्या हिशेबाने परवडतंय का ते घेण्याआधी बघा. सायलीचा प्रश्न मात्र डिलिव्हरीचा आहे.

सायली_ठाणे: 50 शेअरला 478 ची जीटीटी लावली. उरलेले 50 ट्रेल करते.

रानवारा_कोल्हापूर: अर्धं विकणं म्हणजे मोठ्या सौद्यातला अर्धा हिस्सा आधीच देऊन टाकणं. माझं मत तेच.

नाना_डोंबिवली: 434 ची जुनी ऑर्डर 100 शेअरचीच आहे का? निम्मे विकले गेले की ती आपोआप 50 ची होणार नाही. आजच मोडून दोन वेगळ्या करा.