मदत हवी आहे: आरोग्य विम्यात 20 टक्के को-पे बरा की खोलीभाड्याची मर्यादा?

दारव्ह्याकडचे 62 वर्षांचे काका, शुगर आहे, कव्हर 5 लाख. पहिल्या पॉलिसीचा हप्ता 24,000, पण को-पे 20 टक्के. 3 लाखांच्या बिलात 60,000 खिशातून. दुसरीचा 31,000, को-पे नाही, मात्र खोलीभाडं रोज 5,000 पर्यंतच. 8,000 ची खोली घेतली तर डॉक्टर, ऑपरेशनच्या बिलातलेही आठापैकी पाचच हिस्से मिळतात (औषधं, इम्प्लांट, तपासण्या सुटतात). खरी मेख हीच! शुगरचा वेटिंग पिरियड दोन्हीत 3 वर्षं, त्यामुळे तो मुद्दा बाद.

नागपुरात कॅशलेस दवाखान्यात 5,000 च्या आत खोली मिळते का? आणि यवतमाळच्या पत्त्यावरच्या पॉलिसीला नागपुरात वेगळा झोन को-पे लागला का कोणाला?