मदत हवी आहे: लेकीच्या उशीवर सापडलेला हा किडा ढेकूणच आहे का? (फोटो आहेत)

वैदेही_गंगापूररोड
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. काल सकाळी लेकीच्या उशीच्या अभ्र्यावर हा किडा दिसला, भावाकडे मोबाईलला चिमट्यासारखी लावायची भिंग आहे तिने फोटो काढलेत, तीन टाकलेत बघा. तपकिरी आहे, लंबगोल, सहा पाय. लेकीच्या (वय ७) मानेवर आणि दंडावर गेले आठ-दहा दिवस लाल पुरळ आहे, रात्री खाजवत बसते. डॉक्टरांनी मलम दिलंय, म्हणाले चावाही असेल किंवा ॲलर्जीही असेल. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोटो पाठवला तर दोन मिनिटांत "ताई ढेकूण आहेत, पूर्ण घर करावं लागेल, साडेचार हजार, दोन वेळा" असा रिप्लाय. सासूबाईंनी तर गादी जाळायचीच भाषा सुरू केलीये. मला आधी कळायला हवंय की हा नक्की ढेकूणच आहे का, आणि नसेल तर त्रासाचा आहे का नाही.

सिडकोचा_पप्या
ढेकूणच आहे ताई, डोळे झाकून सांगतो. होस्टेलला तीन वर्षं काढलीत त्यांच्यासोबत 😂 रंग बघा, आकार बघा. पुरळ एका रांगेत तीन-तीन आहे का? रांगेत असलं की शंभर टक्के ढेकूण. आणि मिस्टरांना पण उठलंय का? एकाच माणसाला उठलं असेल तर मग नसेल.

वैदेही_गंगापूररोड
रांगेत असं नाही म्हणता येणार, विखुरलेलं आहे. ह्यांना काहीच नाही, पण ते दुसऱ्या खोलीत झोपतात.

शुभदामावशी
आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरात चौकटीला असंच झालं होतं, भुसा पडायचा खाली आणि दार हाताने दाबलं की आत पोकळ. शेवटी भोकं पाडून औषध मारून घेतलं. तुम्ही पण लवकर करून घ्या, वाळवी फार वाईट.

वैदेही_गंगापूररोड
मावशी हे वाळवीचं नाहीये हो, पलंगावरचा किडा आहे. पण थँक्यू.

गोदामवाले_काका
मी ३१ वर्षं धान्याच्या गोदामात किडेच बघत होतो, त्यामुळे सवयीने बोलतो. पप्या, आकार रंगावरून सांगू नकोस रे, भिंगातून काढलेल्या फोटोत मुंगी पण म्हशीएवढी दिसते. वैदेहीताई, तुमच्या फोटोत शेजारी मापाला काहीच नाही, त्यामुळे किडा २ मिलिमीटरचा आहे का ६ चा हे कोणालाच कळणार नाही, त्या पेस्ट कंट्रोलवाल्यालाही नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ ते ७ मिलिमीटर, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा.

पण पहिल्या फोटोत एक गोष्ट दिसतेय. पाठीवर मधोमध मानेपासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ आहे का बघा बरं मोठा करून. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन टणक पाकळ्या असतात, त्या मिटल्या की मधे अशी शिवण दिसते. ढेकणाला पंखच नसतात, मानेमागे पंखांचे नुसते दोन खुंट असतात, त्यामुळे मधली रेघ कधीच नाही, उलट पोटावर आडवे पट्टे पट्टे दिसतात. मला रेघ वाटतेय, पण फोटो हललाय म्हणून छातीठोक सांगत नाही.

आणि तुमच्या तिसऱ्या फोटोत किड्याच्या मागे, अभ्र्याच्या शिवणीत, एक केसाळ पिवळट नळीसारखं काहीतरी पडलंय. तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नसेल, पण मला किड्यापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं वाटतंय.

फोटो परत काढा. किडा डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजरला ठेवा, म्हणजे हलणार नाही. मग पांढऱ्या बशीत घ्या, शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवा, टॉर्च वरून नाही तर बाजूने तिरका मारा. तीन फोटो हवेत, पाठ, पोट आणि बाजू. बाजूचा कोणी काढतच नाही, पण उपाशी ढेकूण कागदासारखा चपटा असतो आणि हे भुंगेरे फुगीर असतात, ते बाजूनेच कळतं.

सिडकोचा_पप्या
पण काका रांगेतल्या चाव्यांचं तर सगळेच सांगतात ना, ते पण खोटं का

गोदामवाले_काका
खोटं नाही, अर्धवट आहे. ढेकणाचे चावे कधी कधी ओळीत येतात, पण नुसत्या पुरळावरून किडा ओळखता येत नाही. आणि एकाला उठलं दुसऱ्याला नाही, यावरून तर काहीच ठरत नाही, काही माणसांच्या अंगावर ढेकूण चावला तरी खूण उमटत नाही. आम्ही एका चौकीदाराची खाट उलटी केली तर ढेकणांनी भरलेली, तो म्हणतो मला कधी कळलंच नाही. खूण शोधायची ती गादीच्या शिवणीत, पेनाची शाई फुटल्यासारखे काळे ठिपके असतात. ओल्या कापसाने पुसलं की लालसर तपकिरी फराटा उठतो. तिथे पोकळ टरफलं पण मिळतात, पण ती ढेकणाच्याच आकाराची असतात, पाय बिय सगळं दिसतं, त्यांच्यावर अशी झुपकेदार लव नसते.

वैदेही_गंगापूररोड
आज दुपारी सगळं केलं. नवे फोटो टाकलेत. पट्टीवर अडीच मिलिमीटर भरतोय!! मला तर तो झुरळाएवढा वाटत होता. मधली रेघ एकदम स्पष्ट आहे. अंगावर बारीक लव आहे, गडद फिकट डाग. बाजूने फुगीर, पोटाकडून बघितलं तर पाय आत दुमडून घेतलेत, मेल्याचं सोंग करतोय की काय कोण जाणे. गादीच्या शिवणी टॉर्च लावून बघितल्या, काळे ठिपके एकही नाही. पण दिवाणाच्या फळीच्या फटीत ती केसाळ टरफलं ढीगभर आहेत, किड्याच्या आकाराची अजिबात नाहीत, तांदळाच्या कणीएवढी, एका टोकाला केसांचा झुपका.

गोदामवाले_काका
झालं मग. ढेकूण नाही. हा केसाळ अळीच्या भुंगेऱ्यांच्या घराण्यातला आहे, आणि ती टरफलं त्याच्या अळीने टाकलेली कात आहे. अळी वाढताना कित्येकदा कात टाकते, म्हणून किडे चार आणि कात चाळीस दिसते.

आता एक सांगा, त्या दिवाणाच्या आत काय भरलंय?

वैदेही_गंगापूररोड
अगं बाई. गहू. 🙈 नणंदेकडून निफाडहून दोन पोती येतात दरवर्षी मे महिन्यात, एक पोतं संपलं, दुसरं दिवाणात आहे. लेक त्याच दिवाणावर झोपते. हे मी पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं का?

गोदामवाले_काका
पोत्याची शिवण आणि चारी कान आधी बघा. तिथे कात आणि पिवळसर तपकिरी, केसाळ, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर हा बहुतेक खापरा आहे. गव्हाच्या दाण्याचं कोंब असतं तिथून अळी खायला सुरू करते. भुंगेरा स्वतः जवळपास काही खात नाही आणि उडतही नाही, दहा-पंधरा दिवसांत मरतो. नुकसान सगळं अळीचं. तिचे केस फार बारीक आणि टोकाला भाल्यासारखे असतात, ते सुटून धुळीत मिसळतात, मऊ कातडीला लागले की खाज आणि लाल पुरळ येऊ शकतं. म्हणजे चावत कोणी नाही, तरी अंग खाजतं.

लेकीचं पुरळ त्यानेच आहे असं मात्र मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांना ही टरफलं एका डबीत घालून दाखवा, नुसतं सांगू नका.

इंदिरानगर_४२२
काका सोपा उपाय, धान्यात टाकायच्या त्या गोळ्या मिळतात, दोन गोळ्या पोत्यात टाकायच्या आणि तोंड बांधायचं. आमच्या गावाकडे सगळे टाकतात.

गोदामवाले_काका
ताई, ह्यांचं अजिबात ऐकू नका. त्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फीन नावाचा गॅस सुटतो आणि तो किड्यांइतकाच माणसांनाही मारतो. बंद दिवाण, त्यावर झोपलेलं पोर, आणि आत गोळी, नुसती कल्पना करा. गोदामातसुद्धा आम्ही ताडपत्रीने थप्पी सीलबंद करून, बोर्ड लावून, माणसं बाहेर काढून टाकायचो, आणि उघडताना मास्क घालायचो. राहत्या घरात ती गोळी आणायचीच नाही. गावाकडे सगळे टाकतात हे खरंय, आणि गावाकडे त्याने माणसं गेलेली पण आहेत.

इंदिरानगर_४२२
बरं बाबा. बोरिक पावडर चालते का मग?

गोदामवाले_काका
खायच्या गव्हात नको.

वैदेही_गंगापूररोड
पोतं उघडलं. वरचा वीतभर गहू खराब, दाणे पोकळ, हातात घेतले की कोंडा होतो, अळ्या आहेत. खालचा बरा दिसतोय. सासूबाई म्हणतात ऊन द्या आणि खा, पण श्रावणात नाशिकला ऊन कुठून आणू, गेले सहा दिवस सूर्यच नाही. टाकून द्यायचं का सगळं? ४० किलो तरी असेल.

गोदामवाले_काका
वरचा थर मी तरी खाणार नाही, लहान मूल आहे घरात, आणि ते केस पोटाला पण त्रास देतात. तो बांधून बाहेर टाका, गच्चीत कबुतरांना घालू नका. खालचा बारीक चाळणीने चाळा, पण घरात नाही, बाहेर पॅसेजमधे, तोंडाला रुमाल बांधून. मग पसरून निवडा. पोकळ दाणे मुठीत दोन-चारच्या वर निघाले तर जाऊ द्या, जीव गुंतवू नका. निघाले नाहीत तर धुवून, पंख्याखाली खडखडीत वाळवून लवकर दळून आणा, पुढच्या वर्षापर्यंत ठेवायला तो गहू आता राहिला नाही. ओला ठेवलात तर बुरशी येईल, ते आणखी वाईट.

पोतं परत वापरू नका. खापऱ्याची अळी अशी चिवट, की काही खायला मिळालं नाही तर फटीत जाऊन सुस्त पडते आणि वर्षानुवर्षं तशीच जगते, मग पुढच्या मे महिन्यात नवीन गहू भरला की बाहेर येते. लोक म्हणतात निफाडहून कीड आली, पण कीड कधी कधी आपल्याच दिवाणात वाट बघत असते. म्हणून फळ्यांच्या फटी व्हॅक्यूमने ओढून काढा, पिशवी लगेच बाहेर. चादरी अभ्रे गरम पाण्यात. अळ्या संपल्या तरी केस धुळीत राहतात, खाज लगेच थांबली नाही तर औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

सिडकोचा_पप्या
काका मानलं. म्हणजे साडेचार हजार वाचले.

गोदामवाले_काका
ते कळेलच. आणि एक, खापराच आहे का त्याचा चुलतभाऊ, हे मोबाईलच्या फोटोवरून मी सांगू शकत नाही, त्याला सूक्ष्मदर्शकाखाली मिशांच्या गाठी मोजाव्या लागतात. नणंदबाईंच्याकडेही असेल असं वाटत असेल तर त्यांना कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र जवळ आहे, डबीत घेऊन जाऊ दे.

वैदेही_गंगापूररोड
चार दिवसांनी अपडेट. गहू गेला, अर्धाच राहिला, तो दळून आणला. दिवाण रिकामा करून स्वच्छ केला. पुरळ कमी आहे पण मलम पण चालूच आहे, त्यामुळे कशाने कमी झालं देव जाणे. डॉक्टरांना डबी दाखवली, ते म्हणाले शक्य आहे.

पण आज सकाळी खिडकीच्या काचेवर हा एक दिसला (चौथा फोटो, पट्टी ठेवलीये यावेळी 😀). हा गोल आहे, पांढऱ्या-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचा, तीन मिलिमीटर, आणि हा उडाला! हा पण तोच का?

गोदामवाले_काका
नाही, हा उडाला म्हणजे खापरा नाही. खिडकीकडे उजेडाला जाणारा हा त्याच घराण्यातला दुसरा, लोकर आणि पिसांवर वाढणारा. तुमच्या एसीच्या मागे कबुतरांचं घरटं आहे का?

वैदेही_गंगापूररोड
आहे ना. दोन आहेत.