आधी एस्प्रेसो मशीनच्या तळाची पट्टी वाचा

> "मशीन १२० व्होल्टचं आहे, आमच्याकडे २३० व्होल्ट. प्लगला अडॅप्टर लावला तर चालेल ना?"

नाही, कृपया तसं करू नका. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. समजा, पट्टीवर 120V 60Hz 1400W लिहिलंय. हीटरची वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे २३० वर तोच हीटर सुरुवातीला सुमारे ५१०० वॅट खेचू पाहील. थर्मल फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर हीटर किंवा कंट्रोल बोर्ड जळेल.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो किमान २००० वॅटचा हवा, आणि तो चांगलाच जड असतो. शिवाय तो हर्ट्झ बदलत नाही. घरगुती मशीनमधला व्हायब्रेशन पंप पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. ६० हर्ट्झचा पंप ५० वर हळू पडतो, पाणी कमी ढकलतो आणि जास्त तापू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत: त्याच मॉडेलची 220-240V 50Hz आवृत्ती शोधा.

ती मिळाली की प्लगचा प्रश्न सोपा उरतो. फक्त अर्थिंग तुटू देऊ नका. धातूची बॉडी आणि आत पाणी आहे. दोन पिनी अडॅप्टरपेक्षा इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनी प्लग बसवून घ्या.

पैसे भरण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला व्होल्टेजसकट पूर्ण मॉडेल नंबर पाठवा. पंप, हीटर आणि ग्रुप गॅस्केट मिळतात का, परदेशात घेतलेल्या मशीनची वॉरंटी इथे चालते का, हे लेखी विचारा. बऱ्याचदा ती विकत घेतलेल्या देशापुरतीच असते.