मदत हवी आहे: यूपीआयचे पेमेंट राउंड करून वरचे पैसे साठवायचे, ॲपने की हाताने?

सातपूरकर_मनीषा:
नमस्कार, मी सातपूर एमआयडीसीत कामाला आहे, पगार २१ हजाराच्या आसपास पण ओव्हरटाइमवर कमीजास्त होतो, म्हणून आरडीचा फिक्स हप्ता ठरवायची हिंमत होत नाही. मैत्रिणीने एक ॲप दाखवलं, प्रत्येक पेमेंट पुढच्या १० ला राउंड करतं आणि वरचे पैसे आपोआप डिजिटल गोल्डमध्ये जातात. आयडिया आवडली कारण कळतही नाही पैसे गेलेले. पण तिचे आठवड्याला जेमतेम पंधरा-वीस रुपये जमतात, दिवसभर स्कॅन करत असते तरी! असं का होतं? मला जूनमध्ये मुलाच्या फीसाठी काहीतरी हाताशी हवंय.

पंचवटीचा_दुकानदार:
ताई, वरचे पैसे दुकानदाराला द्यायचे म्हणता का? आमच्याकडे लोक ९७ झाले तर १०० पाठवतात आणि ३ रुपये पुढच्या हिशोबात धरा म्हणतात, लक्षात ठेवून ठेवून डोकं फिरतं.

सातपूरकर_मनीषा:
नाही दादा, दुकानदाराला ९७च द्यायचे, ३ आपल्याच दुसऱ्या खात्यात टाकायचे.

रोहन_कॉलेजरोड:
१० ला राउंड केलं तर काय जमणार, ५० ला करा. आणि गोल्डच ठेवा, सोनं वाढतंच, तोटा होत नाही.

गंगापूररोड_काका:
५० चं रोहन बरोबर बोलला, सोन्याचं नाही. आधी राउंडचं बघू. आपल्याकडे भाव मुळातच गोल असतात. समजा एका दिवसात दूध ३४, भाजी ४०, मिसळ ९०, मेडिकल १८७, पेट्रोल २००. १० ला राउंड केलं तर दुधाचे ६ आणि मेडिकलचे ३, झाले ९ रुपये, बाकी तिन्हीकडे शून्य. तेच ५० ला केलं तर १६, १०, १०, १३ आणि पेट्रोलचे शून्य, म्हणजे ४९. आणि १०० ला केलं तर १४९ होतात, पण तुमच्या पगारात ते झेपणार नाही, वीस तारखेला परत काढायची वेळ येईल. म्हणून ५०.

आता मैत्रिणीचं. ती यूपीआय लाइट वापरते का विचारा. बरीचशी अशी ॲप बँकेचे मेसेज वाचून पेमेंट ओळखतात. लाइटमधून चहा-भाजीचे पैसे गेले की बँकेचा वेगळा मेसेज येत नाही आणि पासबुकातही ती एंट्री पडत नाही, फक्त लाइटमध्ये ५०० भरले तेवढं दिसतं, आणि ५०० तर आधीच गोल. पेमेंट ॲपची हिस्टरी आणि पासबुक शेजारी ठेवून बघा, हिस्टरीत वीस पेमेंट आणि पासबुकात चारच असतील तर हेच कारण.

रोहन_कॉलेजरोड:
लाइटचं माहीत नव्हतं. पण काका, सोन्यात काय प्रॉब्लेम?

गंगापूररोड_काका:
खरेदीवर ३ टक्के जीएसटी लागतो. १००० टाकले की हातात साधारण ९७१ चं सोनं, शिवाय विकताना भाव खरेदीपेक्षा कमी मिळतो. भाव तेवढा वर जाईपर्यंत तुम्ही खालीच. दहा वर्षं ठेवायचं असेल तर वेगळी गोष्ट, जूनच्या फीला कशाला? आणि सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की डिजिटल गोल्ड त्यांच्या नियमनात येत नाही.

सातपूरकर_मनीषा:
मग हाताने कसं करायचं काका? दर पेमेंटला ट्रान्सफर करायचा तर मी दोन दिवसांत कंटाळेन.

गंगापूररोड_काका:
दर पेमेंटला नकोच. रविवारी रात्री पेमेंट ॲपची हिस्टरी उघडा, लाइटची पण, दुकानातल्या पेमेंटचे फरक कॅल्क्युलेटरवर बेरीज करा आणि एकच ट्रान्सफर मारा. दुसरं खातं पोस्टाचं चालेल, फक्त त्यात ५०० कायम ठेवावे लागतात. मुख्य म्हणजे ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडू नका, अकाउंट नंबर आणि आयएफएससी टाकून पाठवा. जोडलं की स्कॅन करताना हात तिकडेच जातो. चार महिने असं केलं की सगळ्यात कमी जमलेला महिना कोणता ते कळेल, तेवढ्याची आरडी बिनधास्त काढा, पोस्टात १०० पासून सुरू होते.

सिडको_वैशाली:
माझं जरा वेगळं आहे. आमची किराण्याची उधारी महिन्याला एकदाच, समजा ३,२६० बिल. ५० ला राउंड केलं तर ४० रुपयेच. दूधवाला पण महिन्याने. असं असलेल्या घरात काही जमतच नाही हो.

गंगापूररोड_काका:
तुमच्यासाठी ही पद्धत नाही वैशालीताई, ही बारीक बारीक पेमेंट करणाऱ्यांची आहे. बिल भरताना ५०० ला राउंड करून बघा, ३,२६० चे २४० निघतील, पण मग ते न कळत गेलेले पैसे राहत नाहीत.

सातपूरकर_मनीषा:
मैत्रिणीला विचारलं, लाइटच आहे तिचं! ५० ने या रविवारपासून सुरू करते. एकच अडलंय, पगाराच्या आधीच्या आठवड्यात खात्यात काही उरतच नाही, तेव्हा काय करायचं?

रोहन_कॉलेजरोड:
तो आठवडा सोडून द्या ना, सरळ.

गंगापूररोड_काका:
सोडू नका, त्या आठवड्यात १० चा राउंड लावा. वीस रुपये गेले तरी चालतील.

सिडको_वैशाली:
मला रोहनचं पटतं. खातं रिकामं असताना वीस रुपये पण लागतात.